लोकसंख्या मनोऱ्याचा अरुंद पाया आणि फुगलेला मध्य

प्रश्न: मनोऱ्याचा पाया अरुंद किंवा मधला भाग फुगलेला असेल, तर देशाबद्दल काय कळते?

उत्तर: या मनोऱ्यात प्रत्येक वयोगटाची एक आडवी पट्टी असते; सर्वांत लहान वय तळाशी, पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला. तळाची ० ते ४ वयोगटाची पट्टी वरच्या पट्ट्यांहून आखूड असेल, तर जन्म घटत आहेत. जपानमध्ये १९७३ साली सुमारे २१ लाख बालके जन्मली, २०२३ मध्ये जेमतेम सव्वासात लाख; त्या जुन्या पिढीचा फुगवटा आज पन्नाशीत आहे आणि तो पासष्टी ओलांडेल तेव्हा कमावत्यांवरील भार आणखी वाढेल. मात्र कतारप्रमाणे फुगवटा मुख्यतः पुरुषांच्याच बाजूला दिसला, तर तो जन्मांचा नसून बाहेरून आलेल्या कामगारांचा समजावा. आपल्याकडे विदर्भातील खेड्यांत नेमके उलट घडते: तरुण कामासाठी नागपूर-पुण्याला गेले की विशी-तिशीच्या पट्ट्या खचतात, आणि जोडपीच गावात नसल्याने अंगणवाडीचा पटही रोडावतो, तेवढ्यावरून दर स्त्रीमागे मुले घटली, असे म्हणता येत नाही.