पार्श्वभूमी काढलेली असतानाही क्लिपिंग पाथ कशासाठी?

प्रश्न: «सावंतवाडीच्या लाकडी फळांचा छापील कॅटलॉग करतो आहे. सगळे फोटो पारदर्शक पीएनजी करून दिले, तरी प्रेसवाले क्लिपिंग पाथ मागतात. पार्श्वभूमी तर मी काढलेलीच आहे. मग फरक काय पडतो?»

फरक कडेला पडतो, आणि तो पडद्यावर सहसा दिसत नाही. चितार आळीतल्या अशाच फळांचा एक कॅटलॉग मी काही वर्षांपूर्वी केला होता. फोटो पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले आणि पानाचा रंग जांभ्या दगडासारखा गडद तांबडा. छापून आल्यावर प्रत्येक केळ्याभोवती बारीक पांढुरकी रेघ होती. प्रेसवाल्याला चार शब्द ऐकवून झाल्यावर मी स्वतःची फाइल मोठी करून पाहिली, तेव्हा चूक माझीच निघाली.

केळ्याच्या कडेवरचा एक पिक्सेल घ्या. फोटो काढतानाच त्यात निम्मा पिवळा आणि निम्मा पांढरा रंग मिसळलेला असतो. पीएनजी करताना तोच पिक्सेल ५० टक्के पारदर्शक होतो, पण त्यातला पांढरा जात नाही. तांबड्या पानावर तो ठेवला की निम्मा तांबडा, पाव पिवळा आणि पाव पांढरा असे मिश्रण होते. ही पाव पांढऱ्याची माळ म्हणजेच ती रेघ. पांढऱ्या पानावर ती लपून जाते, म्हणून तपासताना फोटोखाली पानाच्याच रंगाचा थर टाकून पाहावे.

मास्क एक-दोन पिक्सेल आत घेतला तर पीएनजीतही ही रेघ घालवता येते, हे मान्य करायला हवे. पण दुसरी अडचण उरते. पीएनजीची कड पिक्सेलांचीच बनलेली असते. ३०० पीपीआयला एक पिक्सेल सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा असतो, आणि तो अर्धपारदर्शक असला की ऑफसेटच्या छपाईत त्या फिकट रंगाचे ठिपके होऊन कड किंचित लोकरीसारखी दिसते. क्लिपिंग पाथ ही गणिती वक्ररेषा असते. फोटो त्या रेषेवर कापण्याचे काम प्लेट बनवणारे यंत्र स्वतःच्या, बहुधा २४०० डीपीआयच्या, बारकाईने करते. म्हणजे ३०० पीपीआयच्या आठपट. समजा १५०० पिक्सेल रुंदीचा फोटो आत पाच इंचांवर वापरला आणि ऐनवेळी मुखपृष्ठावर साडेबारा इंच केला, तर तो १२० पीपीआयवर येतो. फळाचा आतला भाग थोडा मऊ दिसेल, त्याला इलाज नाही. पण पाथची कड तितकीच धारदार राहते. पीएनजीची कड मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पसरते.

तिसरे कारण प्रेसच्या बाजूचे आहे. पीएनजीत सीएमवायके रंग ठेवताच येत नाहीत, त्यामुळे रंगांचे रूपांतर पुढे कोणाच्या तरी हातात जाते. शिवाय अनेक प्रेस अजून पीडीएफ/एक्स-१ए मागतात, ज्यात पारदर्शकता चालत नाही. ती सपाट करावी लागते, आणि तेव्हा फोटोला लागून असलेली अक्षरे कधी कधी चित्रात बदलून जाड दिसू लागतात. पाथला यातले काही लागत नाही, कारण आकारावर कापण्याची सोय पोस्टस्क्रिप्टमध्ये १९८४पासूनच आहे. पीडीएफ/एक्स-४ स्वीकारणाऱ्या प्रेसमध्ये हे तिसरे कारण बरेचसे गळून पडते, कडेचे मात्र उरतेच.

तुमची फळे गुळगुळीत आणि रंगाने चकचकीत असतात, त्यामुळे काम सोपे आहे. मूळ फोटोवर, पार्श्वभूमी न काढता, पेन टूलने कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून रेषा फिरवा. बिंदू जितके कमी, तितकी वक्रता सुबक; आंब्याला सात-आठ पुरतात, आणि चाळीस झाले तर कड दगडासारखी खडबडीत दिसते. मग `Paths` पॅनेलच्या मेनूतून `Save Path`, त्यानंतर `Clipping Path` निवडा आणि `Flatness` रिकामे सोडा. फाइल सीएमवायके टिफ म्हणून द्या. इनडिझाइनमध्ये `Object > Clipping Path > Options` इथे `Photoshop Path` निवडले की फळ मोकळे होते. मूळ फोटो शाबूत असल्याने देठ चुकून कापला गेला तरी दोन बिंदू सरकवून भागते. पीएनजीत गेलेला देठ गेला.

फळाखालची मऊ सावली पाथमध्ये घेऊ नका, ती कात्रीने कापल्यासारखी दिसेल. ती वेगळ्या थरावर `Multiply` करून ठेवावी. आणि संचात काथ्याचे काही असेल, तर त्याच्या सुट्या तंतूंपुढे पाथ हात टेकतो. तेवढ्या फोटोपुरती लेयर मास्कची पीएसडी द्यावी आणि प्रेसला आधी तसे कळवावे.