न सांगता मीटिंग बुडवली, आता टीमला काय लिहू?

*"साताऱ्यात एका छोट्या कंपनीत ड्रॉइंगचं काम करते. काल तीनची मीटिंग होती, मी गेलेच नाही आणि कळवलंही नाही. कारण म्हणाल तर काही नाही, कामात गुंतले आणि विसरले. पाचजण माझी वाट बघत बसले होते म्हणे. माफीचा मेसेज टाकायचाय. छोटा हवा, मनापासूनचा वाटायला हवा, रडगाणं नको. कसा लिहू?"*

आधी ग्रुपवर नाही. ज्यांनी मीटिंग बोलावली होती त्यांना फोन करा, एक मिनिटाचा. "सर, काल मी आले नाही, विसरले. ग्रुपवर लिहितेच आहे, पण आधी तुम्हाला सांगायचं होतं." एवढं पुरे. मग लगेच ग्रुपवर लिहा, कारण वाट ग्रुपनं बघितली आहे. नुसतं साहेबांना गुपचूप सांगून भागवलंत तर बाकीचे चारजण तुम्ही गप्पच आहात असं समजतात.

आता मेसेजचं. हे मी स्वतः करून फसलोय म्हणून सांगतो.

कुपवाडच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी तपासणीचं बघायचो. दर बुधवारी दहाला डिस्पॅचची मीटिंग. एकदा ती मंगळवारवर आणली, तसा मेसेज आला, मी त्याला अंगठाही दिला. आणि मंगळवारी सकाळी मोबाइल सायलेंटवर टाकून मिरजेला बँकेत घराच्या कर्जाच्या कागदांवर सह्या करत बसलो. पावणेबाराला बघतो तर सात मिस्ड कॉल. सहा माणसं पंचवीस मिनिटं बसून उठून गेली होती. किती नग तपासून पास झालेत हा आकडा फक्त माझ्याकडं होता, त्यामुळं संध्याकाळच्या गाडीत काय भरायचं हे ठरलंच नाही.

बँकेच्या पायरीवर उभा राहून मी जो मेसेज टाकला तो असा: "सर्वांना नमस्कार. आज सकाळी अचानक बँकेत जावं लागलं. तिथं सर्व्हर डाऊन होता, येताना ट्रॅफिकही खूप लागलं, त्यात मोबाइलची बॅटरी संपली. त्यामुळं इच्छा असूनही मीटिंगला येता आलं नाही. कोणाची गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहे."

उत्तर कोणाचंच नाही. साहेबांचं तेवढं "ओके".

दुपारी चहाला स्टोअरमधले तात्या शेजारी येऊन बसले. मोबाइल काढला, माझा मेसेज मला वाचून दाखवला आणि म्हणाले, "लेका, ह्यात बँक हाय, सर्व्हर हाय, ट्रॅफिक हाय, बॅटरी हाय. तू कुठं हायस?" आणि वर हळूच, "बॅटरी संपली म्हणतोस, मग रिंग पुरी कशी वाजत होती रे? मीच दोनदा लावला हुता."

ते ऐकून कान गरम झाले. "अचानक"सुद्धा खोटं होतं, बँकेची वेळ मी चार दिवस आधीच घेतली होती.

तात्यांनी व्याकरणाचं पुस्तक उघडलं असेल असं मला वाटत नाही, पण त्यांनी नेमकं बोट ठेवलं ते क्रियापदावर. मराठीत कर्त्याला लपायला जागा फार. "येता आलं नाही", "यायचं राहून गेलं", "माझं येणं झालं नाही" ही सगळी वाक्यं शुद्ध आहेत, पण एकातही माणूस काही करत नाही, सगळं आपोआप होतं. "मीटिंग चुकली" तर त्याहून भारी. एसटी चुकते, कारण ती निघून जाते. मीटिंग कुठं निघून गेली होती? ती तिथंच टेबलावर बसली होती, आपण गेलो नव्हतो. म्हणून पहिलं वाक्य असं हवं: "मी आले नाही आणि कळवलंही नाही."

त्यातला "आणि कळवलंही नाही" हा तुकडा गाळू नका. बघा, या दोन वेगळ्या चुका आहेत. न येणं लोक सोडून देतात, प्रत्येकाला कधी ना कधी अडचण येतेच. डोक्यात बसतं ते न कळवणं, कारण दहा सेकंदांच्या एका मेसेजनं पाचजणांची अर्धी दुपार वाचली असती. बहुतेक मेसेज पहिल्या चुकीची कारणं देत बसतात आणि दुसरीचं नावच घेत नाहीत. माझा पहिला मेसेज पुन्हा वाचून बघा, त्यात न कळवण्याबद्दल आहे तो फक्त बॅटरीचा एक शब्द, आणि तोही खोटा.

"गैरसोय झाली असल्यास" हे तर मुळीच नको. झालीच आहे. "असल्यास" म्हटलं की झाली की नाही हे सिद्ध करायचं काम समोरच्यांवर पडतं. "क्षमस्व" बंद लिफ्टवरच्या पाटीला शोभतो, "दिलगिरी व्यक्त करतो" निवेदनात. रोज ज्यांच्या डब्यातली चटणी आपण खातो त्यांना असं कोण म्हणतं? "सॉरी" चालतं, "माझं चुकलं" त्याहून चांगलं. तुम्ही रोज जे बोलता तेच लिहा.

त्या संध्याकाळी मी दुसरा मेसेज टाकला. पहिला खोडावा असं वाटलं होतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज खोडला तरी खोडल्याची खूण तिथं राहते, आणि सगळ्यांनी तो वाचलेलाच होता. म्हणून तो तसाच ठेवला आणि खाली लिहिलं:

"सकाळचा माझा मेसेज नीट नव्हता. आजच्या मीटिंगला मी आलो नाही आणि कळवलंही नाही. वार बदललेला विसरलो, फोन सायलेंटवर होता, चूक माझी. तुम्ही पंचवीस मिनिटं थांबलात आणि आकडा माझ्याकडं अडकल्यामुळं गाडीचं ठरलं नाही, सॉरी. पास झालेल्या नगांची यादी सहापर्यंत टाकतो."

पहिल्यापेक्षा हा काही छोटा नाही, थोडा मोठाच आहे, मोजून बघा. पण यातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. कारण आहे, ते अर्ध्या ओळीत, आणि लगेच पाठोपाठ "चूक माझी" आहे म्हणून ते सबब होत नाही. नुकसान आकड्यासकट आहे: पंचवीस मिनिटं, गाडी. हे महत्त्वाचं, कारण "तुम्हाला त्रास झाला" असं मोघम लिहिलं की माणसांना वाटतं, याला काय झालं ते माहीतच नाही. आणि शेवटी वेळेसकट एक काम आहे. यादी मी पावणेसहाला टाकली. त्या दिवशीच्या गाडीत १८० नगच गेले, उरलेले ८० दुसऱ्या दिवशी वेगळ्या टेम्पोनं पाठवावे लागले. ते काही माझ्या मेसेजनं भरून आलं नाही.

पुढं कधीतरी वाचलं, की अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा भाग पाडून दोन प्रयोगांत मिळून ७५५ लोकांना ते तोलायला लावले होते. सगळ्यात वजनदार ठरलं चूक आपली असल्याचं कबूल करणं, त्याखालोखाल नुकसान भरून द्यायची तयारी. आणि सगळ्यात हलकं काय, तर "मला माफ करा" ही विनंती. म्हणजे आपण जे सगळ्यात आधी लिहितो तेच. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्याला अमेरिकेला जायला लागतंय व्हय?"

तर तुमचा मेसेज. मी तुमच्या जागी असतो तर असा लिहिला असता:

"कालच्या तीनच्या मीटिंगला मी आले नाही आणि कळवलंही नाही. कामाच्या नादात विसरले, चूक माझी आहे. तुम्ही पाचजण माझ्यासाठी थांबलात, सॉरी. काल जे ठरलं ते मी आज समजून घेते, आणि माझ्याकडचं ड्रॉइंग उद्या अकरापर्यंत देते."

ड्रॉइंग आणि अकरा हे मी अंदाजानं टाकलंय, तिथं तुमचं खरं अडलेलं काम आणि तुम्हाला नक्की जमेल ती वेळ घाला. इथं उत्साहाच्या भरात आज रात्रीच देते म्हणू नका. माफीतली वेळ हुकली तर दुसरी माफी कोणी वाचत नाही.

"काल काय काय ठरलं?" हे मात्र ग्रुपवर विचारू नका. म्हणजे तुमच्यासाठी त्यांनी मीटिंग परत घ्यायची! कोणी टिपणं टाकली असतील तर ती वाचा, नसतील तर एकाच माणसाला गाठून दहा मिनिटं घ्या.

मेसेज टाकल्यावर "ठीक आहे", "चालतं" अशी उत्तरं येतील. त्यावर पुन्हा "खरंच सॉरी हं" नको, नाहीतर तुमचंच समाधान करत बसायची पाळी त्यांच्यावर येते. एखादा फटकन बोलला, "आमचा वेळ फुकटचा आहे का?", तर "बरोबर आहे तुमचं" एवढंच म्हणा. मी दुसऱ्या दिवशी भडंगाची दोन पाकिटं घेऊन गेलो होतो. सांगलीकराला तेवढंच सुचतं. भडंग संपेपर्यंत सगळ्यांनी तोच विषय चघळला, म्हणून तेही सुचवत नाही.

एक अपवाद. आजारपण, अपघात, घरात काही वाईट घडलं असं असेल तर कारण लपवू नका, लोक काळजीत पडतात. "आईला दवाखान्यात न्यावं लागलं" एवढं एक वाक्य लिहा, कुठला दवाखाना, कुठली तपासणी हे नको. तुमचं तसं काही नाहीये, आणि "विसरले" लिहायला लाज वाटत असेल हे कळतं मला. मलाही वाटली होती, म्हणून तर बँकेचा सर्व्हर डाऊन झाला.

आणि मीटिंग चालू असतानाच आठवलं असतं, तर माफी नंतर. आधी एवढंच: "विसरले. वीस मिनिटांत पोचते, थांबू नका, सुरू करा." "निघालेच आहे" हे खुर्चीवरून उठायच्या आधी लिहायचं नाही.

कालचीच गोष्ट आहे ना? मग आजच टाका, जेवणाच्या सुट्टीच्या आत.