मैत्रिणींचा सर्व्हे

सॅम्पलिंग बायस म्हणजे नक्की काय, छोटीशी गोष्ट सांगून समजवाल का?

माटुंग्याच्या हॉस्टेलमधली माझी रूममेट, तिला मेस रात्री नऊऐवजी दहापर्यंत चालू हवी होती. तिने 20 जणींना विचारलं, 18 हो म्हणाल्या, खूश होऊन ती वॉर्डन मॅडमकडे गेली. मॅडमनी एवढंच विचारलं, "या 20 जणी कोण गं?" सगळ्या तिच्याच वर्गातल्या, तिच्यासारख्याच संध्याकाळच्या लॅबमुळे उशिरा येणाऱ्या! हाच सॅम्पलिंग बायस: विचारलं फक्त एकाच प्रकारच्या मुलींना, आणि उत्तर धरलं सगळ्या हॉस्टेलचं.

मग तिने 240 मुलींचं रजिस्टर घेतलं, 1 ते 8 मधली एक चिठ्ठी उचलून त्या नंबरपासून दर आठवं नाव, म्हणजे 30 मुली. दार वाजवलं तर नऊ जणी रूमवर नव्हत्या, तिला वाटलं शेजारणीला विचारावं, पण बाहेर असणाऱ्याच तर उशिरा जेवणाऱ्या असू शकतात ना, म्हणून परत परत जाऊन त्यांनाच गाठलं. 30 पैकी 11 हो. बऱ्याच जणींना उलट सकाळच्या लोकलआधी डबा हवा होता, आणि तो प्रश्न तिच्या फॉर्ममध्ये नव्हताच.

अजून 50 मैत्रिणींना विचारलं असतं तरी उत्तर तेच चुकीचं आलं असतं, फक्त जास्त खात्रीचं वाटलं असतं.