पहिल्यांदा इन्हेलर घेणाऱ्याला काय सांगावं?

मेडिकलवर नवीन आहे. कॅप्सूलचा इन्हेलर पहिल्यांदाच नेणाऱ्याला कसं समजावू?

‘समजलं का?’ विचारू नका, मान हलतेच. परभणीत आमच्याकडे एक काका कॅप्सूल पाण्यासोबत गिळायला निघाले होते. तेव्हापासून मी एक पायरी दाखवतो नि थांबतो: “काका, मी नीट सांगितलं का ते बघू द्या. घरी काकूंना कसं दाखवाल?”

असंच विचारल्यावर एका काकांनी कॅप्सूल बरोबर बसवली, पण श्वास यंत्रातच सोडला. त्यानं पावडर ओलसर होऊन चिकटते. तेवढंच पुन्हा दाखवलं: यंत्र तोंडापासून दूर धरून श्वास बाहेर सोडा, मग ओठ घट्ट लावून जोरात, खोल ओढा, दहा सेकंद रोखा. परत करून घेतलं. कॅप्सूलमध्ये पावडर उरली तर पुन्हा ओढायची. स्टेरॉइड असेल तर गुळणी करून थुंकायचं, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते.