तक्रारीची पोच देताना मुदत कशी ठरवावी?

प्रश्न: सोलापुरात आमचे चादरी आणि टॉवेलचे छोटे दुकान आहे आणि आमच्या वेबसाइटवरूनही विक्री होते. शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या एका ताईंची तक्रार आली की मरून चादरीचा रंग सुटून त्यांच्या पांढऱ्या पलंगपोसावर डाग पडले. चूक कोणाची हे अजून माहीत नाही. पैसे परत देऊ असे कबूल न करता त्यांना काय लिहावे आणि किती दिवसांची मुदत द्यावी?

उत्तर: सोलापुरातल्याच एका चादर-टॉवेल कारखान्यात ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे लिहिण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे, आणि रंग सुटल्याची तक्रार आमच्याकडेही वारंवार येते. मुदत कोणती द्यायची हे ग्राहकाच्या रागावरून किंवा आपल्या भीतीवरून ठरवू नये. तपासाला प्रत्यक्षात किती दिवस लागतात ते आधी मोजावे आणि त्यावरून ती ठरवावी, म्हणून मी तपासापासूनच सुरुवात करतो.

गडद रंगाच्या सुती धाग्यात रंगाचे प्रमाण जास्त असते. रंगवून झाल्यावर धाग्याला न धरलेला रंग साबणाच्या गरम पाण्यात पुरेसा धुऊन काढला गेला नाही, तर तो पुढे ग्राहकाच्या बादलीत उतरतो. असा सैल रंग पहिल्या धुण्यात खूप सुटतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात कमी होत जातो. तिसऱ्या धुण्यातही तितकाच सुटत असेल, तर रंग धाग्यावर नीट बसलेलाच नाही असा संशय घ्यावा. हे ओळखण्यासाठी त्याच लॉटच्या चादरीचा तुकडा घेऊन त्याला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा शिवावा, साबणाच्या पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा आणि पांढऱ्या तुकड्यावर किती रंग उतरला ते पाहावे. दरवेळी नवा पांढरा तुकडा लावून हेच तीनदा करावे. सोमवारी सुरुवात केली तर वाळवण्याचा वेळ धरून बुधवार उजाडतो. डाइंगवाल्यांकडे त्या लॉटची नोंद विचारायला आणि त्यांचे उत्तर यायला आणखी एक दिवस लागतो, आणि मालकांना निर्णयासाठी वेळ हवा. म्हणून या ताईंना शुक्रवार संध्याकाळ हा दिवस सांगणे योग्य ठरेल. बुधवार सांगितला तर तो पाळता येणार नाही, आणि ‘पंधरा दिवसांत’ असे लिहिले तर आपण टाळाटाळ करतो आहोत असे त्यांना वाटेल व ते वाटणे चुकीचेही नसेल. लॉटचा तुकडा आपल्याकडे राखून ठेवलेला नसेल, तर चादर नाशिकहून मागवावी लागेल आणि कुरिअरचे दिवस वाढतील. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत डाइंगचे काम मंदावते, तेही मोजणीत धरावे.

कायद्याची चौकट तुमच्या वेबसाइटवरील विक्रीला लागू होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून 48 तासांत पोच द्यावी लागते आणि एका महिन्याच्या आत तक्रारीचे निवारण करावे लागते. शनिवारी संध्याकाळी आलेल्या तक्रारीची पोच सोमवारी संध्याकाळच्या आत गेलीच पाहिजे. मधल्या रविवारी दुकान बंद होते हे कारण चालणार नाही. महिन्याची मुदत ही शेवटची मर्यादा आहे, ती पत्रात ग्राहकासमोर ठेवण्याची तारीख नव्हे.

आता पोच कशी असावी ते लिहितो. या प्रकरणात मी साधारण असे लिहीन:

‘सप्रेम नमस्कार. आपली तक्रार आणि छायाचित्रे आम्हाला शनिवारी सायंकाळी मिळाली. मरून चादर पहिल्यांदा धुताना तिचा रंग सुटला आणि सोबत धुतलेल्या पांढऱ्या पलंगपोसावर डाग पडले, असे आपण कळवले आहे. आपल्याला झालेल्या मनस्तापाचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. त्याच लॉटच्या कापडावर आम्ही तीन वेळा धुण्याची चाचणी घेत आहोत आणि रंगकाम करणाऱ्यांकडेही विचारणा करत आहोत. त्यात काय आढळले ते आम्ही आपल्याला शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत लेखी कळवू. चादर बदलून देणे किंवा पैसे परत करणे याचा निर्णय तपासानंतरच घेता येईल, त्यामुळे त्याबाबत आज काही सांगता येत नाही. तोपर्यंत कृपया चादरीवरील लेबलचे छायाचित्र पाठवावे, ती कोणत्या पाण्यात व कशासोबत धुतली ते कळवावे आणि चादर पुन्हा न धुता तशीच ठेवावी. पलंगपोस वाळू न देता साध्या थंड पाण्यात खळबळून घ्यावा व त्यावर इस्त्री करू नये, म्हणजे डाग पक्का बसण्याची शक्यता कमी होते.’

यातील प्रत्येक वाक्य जाणीवपूर्वक लिहिलेले आहे, पण दोन ठिकाणी अधिक काळजी घ्यावी. पहिले म्हणजे मनस्तापाबद्दल वाईट वाटणे आणि चूक मान्य करणे यांतला फरक. ‘आमच्या सदोष चादरीमुळे आपले नुकसान झाले, क्षमस्व’ असे लिहिले की चाचणी होण्याआधीच निकाल लागतो. उलट ‘आपण गरम पाण्यात धुतली असेल’ हे वाक्यही तितकेच घातक आहे, कारण तपास न करताच दोष ग्राहकाच्या माथी मारला जातो. धुण्याची माहिती विचारावी, पण प्रश्न सरळ असावा, त्यात आरोप नसावा.

दुसरे म्हणजे मुदतीचे वाक्य. ‘शुक्रवारपर्यंत प्रश्न सोडवू’ असे लिहू नये; ‘काय आढळले ते शुक्रवारपर्यंत कळवू’ असे लिहावे. पहिल्या वाक्याची पूर्तता डाइंगवाल्यांवर, मालकांवर आणि चाचणीच्या निकालावर अवलंबून असते, तर दुसऱ्याची पूर्तता आपल्या हातात असते. ‘लवकरात लवकर’, ‘काळजी करू नका’, ‘नक्की मार्ग काढू’ हे शब्द मी पूर्णपणे टाळतो. पहिल्यात तारीखच नसते आणि उरलेल्या दोहोंतून ग्राहकाला पैसे परत मिळणार असाच अर्थ लागतो. तुमच्या व्हॉट्सॲपवर ‘आपला संदेश मिळाला’ असे स्वयंचलित उत्तर जात असेल तर ते चालू द्यावे, पण त्यावर समाधान मानू नये. त्यात ना तक्रारीचा उल्लेख असतो ना दिवस.

शुक्रवार आला आणि डाइंगवाल्यांचे उत्तर आलेच नाही, असे बऱ्याचदा होते. तेव्हा पाच वाजेपर्यंत थांबू नये. दुपारीच पत्र पाठवावे. चाचणीत काय दिसले, कोणते उत्तर यायचे आहे आणि पुढचा दिवस कोणता, हे त्यात स्पष्ट लिहावे. तपास पूर्ण झाला नसला तरी शब्द दिलेल्या दिवशी पत्र आले, हे ग्राहकाला दिसले पाहिजे. नवा दिवस देण्यापूर्वी डाइंगवाल्यांना फोन करून त्यांच्याकडून ठरावीक वेळ घ्यावी आणि त्यावर स्वतःचा एक दिवस वाढवून मगच तो ताईंना कळवावा. दुसरी तारीखही चुकण्याची चिन्हे दिसली, तर मालकांनी स्वतः फोन करावा आणि डाइंगवाल्यांच्या उत्तराची वाट न पाहता केवळ चाचणीच्या आधारावर निर्णय घ्यावा, कारण महिन्याची मुदत तोवर चालूच असते.