अ‍ॅल्युमिनाच्या बेंड टेस्टमध्ये मॉड्युलस इतका कमी का येतो?

प्रश्न: ३ × ४ × ४५ मिमीच्या अ‍ॅल्युमिना पट्टीची थ्री-पॉइंट बेंड टेस्ट केली. स्पॅन ४० मिमी, पट्टी २१० न्यूटनला तुटली. स्ट्रेंथ ३५० मेगापास्कल आली, पण मॉड्युलस फक्त १२३ गिगापास्कल. डेटाशीटवर ३७० आहे. पट्टीच खराब आहे का?

उत्तर: पट्टीवर एवढ्यात संशय घेऊ नका. मॉड्युलस एक तृतीयांशावर यायचा तर पट्टी प्रचंड सच्छिद्र असायला हवी, आणि तशी पट्टी ३५० मेगापास्कलपर्यंत टिकलीच नसती. तुम्ही डिफ्लेक्शन बहुधा क्रॉसहेडच्या हालचालीवरून घेतलं आहे. घोळ तिथेच आहे.

```
σ = 3FL / (2bh²)
E = mL³ / (4bh³)
```

पहिल्या सूत्रात फक्त बल आणि मापं आहेत, म्हणून स्ट्रेंथ बरोबर आली. दुसऱ्यातला `m` हा बल-डिफ्लेक्शन आलेखाचा उतार, आणि तो पट्टीचाच असायला हवा. ३७० गिगापास्कलची ही पट्टी २१० न्यूटनला मध्यावर जेमतेम ०.०८४ मिमी वाकते. तुमच्या आकड्यावरून उलट गणित केलं तर क्रॉसहेड मात्र सुमारे ०.२५ मिमी सरकलेला दिसतो. म्हणजे दोन तृतीयांश हालचाल लोड सेल, फिक्स्चर आणि रोलरखालच्या दबण्याची. प्लॅस्टिकच्या पट्टीवर हीच चूक लक्षातही आली नसती, कारण पट्टीच यंत्रापेक्षा कितीतरी जास्त वाकते.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पट्टीच्या मध्याखाली डिफ्लेक्टोमीटर लावणं. तो नसेल तर त्याच फिक्स्चरवर, त्याच रोलरवर १५-२० मिमी जाडीचा स्टीलचा ठोकळा ठेवा आणि २१० न्यूटनपर्यंत लोड द्या. ठोकळा जवळपास वाकतच नाही, तेव्हा नोंदली जाते ती यंत्राची हालचाल. प्रत्येक लोडला ती मूळ आलेखातून वजा करा. आलेखाची सुरुवातीची वाकडी शेपटी म्हणजे रोलर नीट बसण्याचा काळ. ती सोडून मधल्या सरळ भागाचाच उतार घ्या. जाडी मायक्रोमीटरने मोजा, कारण `h` चा घन आहे: ३ मिमीत ०.१ मिमीची चूक मॉड्युलसमध्ये १० टक्के होते. खरं सांगायचं तर फक्त मॉड्युलसच हवा असेल, तर पट्टीला हलका ठोका देऊन तिच्या कंपनाच्या फ्रिक्वेन्सीवरून तो काढण्याची पद्धत बेंड टेस्टपेक्षा बरी. पट्टीही तुटत नाही.

आता त्या ३५० कडेही जरा संशयाने बघा. सिरॅमिक कुठल्या तरी एका दोषापासून फुटतं, त्यामुळे एकाच बॅचच्या पट्ट्यांमध्येही आकडे बरेच पसरतात. वायबुल विश्लेषणासाठी साधारण ३० पट्ट्या तोडतात. तुकडे जपून ठेवा आणि पट्टी कुठे तुटली ते पाहा. मध्यापासून ५ मिमी बाजूला तुटली असेल, तर तिथे ताण मध्याच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे २६२ मेगापास्कलच होता. तडा खालच्या कडेवरून निघालेला दिसला, तर तुम्ही सिरॅमिकची नव्हे, कटिंगची ताकद मोजली आहे. पुढच्या पट्ट्यांच्या लांब कडा आधी बारीक चॅम्फर करून घ्या.