पाठीचं कारण सांगू नकोस

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचला. सांगलीच्या लग्नाला जायचंय, पण कार्यालयावर मुक्काम नको, हॉटेल बरं. मग "पाठ दुखते म्हणून सांगू का, मावशी?" असं विचारतेस. अजिबात नको! पाठीचं सांगितलंस की तुझे काकासासरे कुठून तरी पलंग पैदा करतील. उकाड्याचं सांगितलंस तर कूलर येईल. यजमानाला कारण दिलं की तो त्यावर इलाज शोधतो, आणि इलाज झाला की तुला नाही म्हणायला तोंड उरत नाही. म्हणून कारण सांगू नकोस, ठरलंय एवढंच सांग.

तेही वधूपित्याला नको, त्यांच्या डोक्याला आधीच ताप कमी नाही. उतरण्याची व्यवस्था कोणाकडे आहे ते विचार. बहुतेक एखादा भाचा किंवा जावई असतो. खोल्यांची वाटणी आणि गाद्यांचा आकडा त्याच्या वहीत असतो, तो भाड्याच्या गाद्या सांगण्याआधी फोन कर. "आम्ही झोपायला हॉटेलवर, बुकिंग झालंय. सीमांतपूजनाच्या जेवणाला आणि सकाळच्या नाश्त्याला मात्र आमची दोन पानं धरा." दुसरं वाक्य गाळू नकोस. गादी नाकारलेली लोक विसरतात, पान नाकारलेलं विसरत नाहीत.

बुकिंग खरंच झालेलं हवं, नाहीतर "बघतो" म्हणालीस की तुझं नाव वहीत गेलंच. यजमानांनी व्याह्यांसाठी ज्या हॉटेलात खोल्या धरल्या असतील तिथे जाऊ नकोस. बिल परस्पर भरून टाकतील आणि तू पुन्हा त्यांचीच पाहुणी. रात्री उशिरा दार उघडतात का, हेही आधीच विचार. हॉटेल तुझं, तर ये-जाही तुझीच. "कोणी सोडायला येईल का?" म्हणालीस की संपलं, मग गादीवर झोपली असतीस तर बरं, असं त्यांना वाटणारच. आणि वाटायलाच हवं.

मला सासरी बरीच वर्षं शिष्ट म्हणत. म्हणोत. एका न्हाणीघरासमोर पहाटे साड्या हातात धरून उभ्या राहिलेल्या बायकांच्या रांगेत मी नसायचे, हे खरं. पण हळदीला सगळ्यांत आधी मीच हजर असायचे, हेही त्याच बायका सांगतील. पुन्हा सांगते, कारण मात्र मी कोणाला कधी दिलं नाही.

उद्या नणंदेच्या लग्नात करवली झालीस तर हे पत्र बाजूला ठेव आणि नवरीच्या खोलीतच झोप. रात्री मेंदी सुकेपर्यंत तिला पाणी पाजायला कोणीतरी लागतं.

आता आधी हॉटेलला फोन कर, मग त्या भाच्याला.

तुझी,
मावशी